पंचेचाळीस शब्दांत काम सांगणं

ऑफिसच्या कामापुरतं इंग्रजी येतं, हे कागदावर सिद्ध करायची वेळ आली की आपल्याकडे बहुतेक जण व्याकरणाचं जाड पुस्तक काढतात. काळ, कर्तरी-कर्मणी, शब्दयोगी अव्ययं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. या प्रकरणात आपण ज्या परीक्षेचा विचार करणार आहोत, तिची तयारी निम्म्याहून जास्त वेगळ्या ठिकाणी करावी लागते. ही परीक्षा म्हणजे केंब्रिजची ‘बी-टू बिझनेस व्हँटेज’. जुन्या लोकांना ती ‘बेक व्हँटेज’ म्हणून माहीत आहे. केंब्रिजने 1993 मध्ये ही परीक्षामालिका पहिल्यांदा चीनमध्ये सुरू केली. आज तिच्या तीन पायऱ्या आहेत: प्रिलिमिनरी, व्हँटेज आणि हायर. युरोपात भाषेची पातळी मोजण्यासाठी जी सहा पायऱ्यांची चौकट वापरतात, त्यात या तिघी अनुक्रमे बी-वन, बी-टू आणि सी-वन या पायऱ्यांवर बसतात.

मधली पायरी निवडण्याचं कारण साधं आहे. पुण्याच्या चाकण भागातल्या कारखान्यातून जर्मनीला किंवा कोरियाला रोज ईमेल पाठवणारा क्वालिटी इंजिनिअर, मुंबईच्या बँकेत परदेशी ग्राहकांचं काम बघणारी अधिकारी, गोव्यातल्या हॉटेलचा खरेदी विभाग सांभाळणारा माणूस, अशा लोकांचं इंग्रजी साधारण याच पातळीच्या आसपास असतं. बोलणं चालतं, वाचणं चालतं, पण लिहिलेलं पत्र समोरच्याला नेमकं कळलं का, याची खात्री नसते.

परीक्षेचे चार भाग आहेत. वाचनाला एक तास, लेखनाला 45 मिनिटं, श्रवणाला साधारण 40 मिनिटं, आणि दोन उमेदवारांनी मिळून द्यायची 14 मिनिटांची तोंडी परीक्षा. वाचन आणि तोंडी परीक्षा इथे बाजूला ठेवतो. ज्या तीन कामांवर ऑफिसचा दिवस चालतो आणि जिथे आपले उमेदवार गुण घालवतात, ती अशी: छोटा ईमेल, मीटिंग ऐकणं आणि अहवाल. तिन्ही ठिकाणी परीक्षक एकच गोष्ट तपासत असतो. हे वाचल्यावर किंवा ऐकल्यावर पुढचं काम करता येईल का?

लेखनाच्या पेपरात दोन प्रश्न असतात. पहिल्यात कंपनीच्या आत पाठवायचा मजकूर 40 ते 50 शब्दांत लिहायचा असतो. बहुतेक वेळा तो ईमेलच असतो. दुसऱ्यात 120 ते 140 शब्दांत पत्र, अहवाल किंवा प्रस्ताव लिहायचा असतो. दोन्हीची तपासणी चार निकषांवर होते: सांगायचं ते सगळं आलं का, प्रसंगाला साजेशा रीतीने आलं का, मांडणी कशी आहे, आणि भाषा कशी आहे. प्रत्येक निकषाला शून्य ते पाच गुण. म्हणजे व्याकरण आणि शब्दसंपत्ती हे चारपैकी एका खान्यात बसतं. पहिला खाना मजकुराचा आहे आणि त्यातली मोजपट्टी अशी की, ज्याला उद्देशून लिहिलं त्याला सगळी माहिती मिळाली का.

एक प्रश्न घेऊन बघू. समजा, तुम्ही एका कंपनीत गोदामाचे व्यवस्थापक आहात. माल उतरवायचा धक्का दुरुस्तीसाठी काही दिवस बंद राहणार आहे. सगळ्या विभागप्रमुखांना ईमेल लिहा. कोणते दिवस बंद राहणार ते कळवा, कारण सांगा, आणि पुरवठादारांना नवीन व्यवस्था कळवायला सांगा. तीन सूचना, 50 शब्दांची मर्यादा. इंग्रजी मजकूर देवनागरीत देतो आहे, मोठ्याने वाचून बघा. आपल्याकडचा सरासरी उमेदवार असं काहीतरी लिहितो:

‘रिस्पेक्टेड सर / मॅडम, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, दिस इज टू इन्फॉर्म यू दॅट ड्यू टू सम अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस द लोडिंग बे विल रिमेन क्लोज्ड फॉर टू डेज. काइंडली इन्फॉर्म ऑल कन्सर्न्ड अँड डू द नीडफुल. सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड. थँकिंग यू, युवर्स फेथफुली.’

शब्द मोजले तर 46 भरतात. मर्यादेत आहे, आणि व्याकरणाची ठळक चूक एकही नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, छान जमलं. आता तीन सूचना समोर ठेवून तपासा. कोणते दिवस? ‘दोन दिवस’ एवढंच कळलं, तारखा नाहीत. कारण? ‘काही अपरिहार्य कारणास्तव’, म्हणजे कारण सांगितलेलंच नाही. पुरवठादार? त्यांचा उल्लेख कुठेच नाही, फक्त ‘संबंधित सर्वांना’ आणि ‘आवश्यक ती कार्यवाही’. तीनपैकी एक सूचना अर्धी पाळली, दोन पाळल्याच नाहीत. खरेदी विभागाच्या प्रमुखाने हा ईमेल वाचला तर त्याला फोन उचलून विचारावंच लागेल: बाबा रे, कधी, आणि मी नक्की काय करू?

ही सवय कुठून आली हे ओळखणं अवघड नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ आणि ‘तरी योग्य ती कार्यवाही करावी’ ही आपल्या सरकारी पत्रांची चाल आहे, आणि तिचंच इंग्रजी रूप शाळेपासून आपल्या हातात बसलेलं आहे. कचेरीतल्या कागदाला मागे फाइल असते, विषयाची ओळ असते, संदर्भ क्रमांक असतो, त्यामुळे तिथे तशी भाषा निभावते. परीक्षेतल्या ईमेलच्या मागे काही नसतं. वाचणाऱ्याच्या हातात फक्त ते 46 शब्द असतात, आणि त्यातले तीसेक शब्द आदरातिथ्यात गेलेले असतात.

तोच ईमेल दुसऱ्या रीतीने लिहू:

‘डिअर ऑल, द लोडिंग बे विल बी क्लोज्ड ऑन 12 अँड 13 मार्च बिकॉज द फ्लोअर इज बीइंग रिपेअर्ड. ऑन दीज डेज, वी कॅन ॲक्सेप्ट डिलिव्हरीज ओन्ली ॲट गेट 2, बिफोर 11 ए.एम. कुड यू प्लीज इन्फॉर्म युअर सप्लायर्स ऑफ दिस चेंज बाय फ्रायडे? थँक्स.’

हे 45 शब्द आहेत. आधीच्यापेक्षा एक कमी. पण इथे तारखा आहेत, फरशीची दुरुस्ती हे कारण आहे, पर्यायी फाटक आणि वेळ आहे, कोणाला कळवायचं ते आहे, आणि कधीपर्यंत तेही आहे. तारीख, फाटकाचा क्रमांक, वेळ आणि शुक्रवारची मुदत प्रश्नात दिलेली नव्हती, ती लिहिणाऱ्याने मनाने घातली. इथे बरेच उमेदवार बिचकतात. त्यांना वाटतं, प्रश्नात नाही ते कसं लिहायचं? पण ‘कोणते दिवस ते कळवा’ असं म्हटलंय म्हणजे दिवस तुम्हीच ठरवायचे. या प्रश्नात असे तपशील रचणं अपेक्षितच आहे.

सूर कोणता लावायचा, हाही मुद्दा आहे. सहकाऱ्यांना ‘डिअर ऑल’ पुरतं, ‘रिस्पेक्टेड सर’ नको. विनंती करताना ‘कुड यू प्लीज’ ने सुरुवात केली की नम्रताही येते आणि नेमकं काम कोणाचं तेही ठरतं, कारण वाक्याला कर्ता मिळतो. ‘काइंडली डू द नीडफुल’ मध्ये काम करणारा दिसतच नाही. नम्रतेसाठी स्पष्टतेचा बळी द्यावा लागत नाही, हे एकदा हाताला कळलं की ईमेल आपोआप आखूड होतो. बाकी भाषेच्या चुका असतातच. आपल्याकडे ‘द’ गळतो, ‘डिस्कस’ च्या पुढे ‘अबाउट’ लागतो, ‘फॉर टू डेज’ च्या जागी ‘सिन्स टू डेज’ येतं. त्या सुधाराव्यात. पण वाचणाऱ्याला त्या ओलांडून अर्थ लागतो. तारीखच नसेल तर ओलांडायला काही उरत नाही.

सराव कसा करायचा? मागच्या आठवड्यात तुम्ही खरोखर पाठवलेला एखादा लांब ईमेल काढा. माणसांची, ग्राहकांची नावं आणि कंपनीची गुप्त माहिती काढून टाका, आणि तो 45 शब्दांत बसवा. मग दुसऱ्या विभागातल्या, त्या कामाची माहिती नसलेल्या सहकाऱ्याला दाखवा आणि फक्त एवढंच विचारा: हे वाचून तू काय करशील आणि कधीपर्यंत? त्याने उत्तर न देता उलट प्रश्न विचारला, तर तोच प्रश्न तुमचा हुकलेला मुद्दा. भाषेचं मत विचारू नका, लोक उगाच ‘छान आहे’ म्हणतात.

आता श्रवणाकडे येऊ. इथे 30 प्रश्न असतात आणि प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. पहिल्या भागात फोनवरचे तीन संवाद किंवा निरोप ऐकून रिकाम्या जागा भरायच्या असतात, एकेका जागेत जास्तीत जास्त दोन शब्द किंवा एखादा आकडा. फिफ्टीन आणि फिफ्टी यांच्यातला फरक शेवटच्या अक्षरापेक्षा आघातावरून जास्त ओळखू येतो. पंधरा म्हणताना जोर ‘टीन’वर येतो, पन्नास म्हणताना ‘फिफ’वर. नावाचं स्पेलिंग सांगताना जी आणि जे, किंवा ए आणि ई यांत आपली गफलत होते, त्यावर आठवडाभर मेहनत घेतली की पुरते. दुसऱ्या भागात दोन संच असतात. प्रत्येक संचात पाच माणसं थोडं थोडं बोलतात, आणि आठ पर्यायांतून त्यांच्या जोड्या लावायच्या असतात. इथे एक चुकीचा पर्याय वापरून बसलं की तो दुसऱ्याच्या वाट्याचा जातो आणि दोन गुण एकदम जातात. म्हणून पहिल्या वेळी ऐकताना खात्री नसेल तिथे दोन पर्याय पेन्सिलीने लिहून ठेवावेत.

खरी गंमत तिसऱ्या भागात आहे. मुलाखत किंवा चर्चा, तीन-चार मिनिटांची, आणि तीन-तीन पर्यायांचे आठ प्रश्न. मीटिंग ऐकण्याची खरी परीक्षा ती हीच. नवख्या उमेदवाराची तक्रार असते की लोक फार भराभर बोलतात. वेग हा अडथळा आहेच, पण मुख्य अडचण वेगळी आहे. प्रश्नपत्रिका रचणारा माणूस तिन्ही पर्याय संवादात कुठे ना कुठे आणतो. ज्याचे शब्द ओळखीचे वाटले तो पर्याय निवडणारा उमेदवार हमखास फसतो.

एक नमुना रचून बघू. प्रश्न असा: नवीन पंख्याचं उत्पादन बाजारात यायला उशीर का झाला? पर्याय तीन: मोटारीच्या पुरवठादाराने उशीर केला, वेष्टनावर चूक झाली, कामाला माणसं कमी पडली. आणि संवाद असा:

‘एव्हरीवन थिंक्स इट वॉज द मोटर सप्लायर.’

‘वेल, दे वेअर अ वीक लेट, बट वुई’ड अलाउड फॉर दॅट. व्हॉट हेल्ड अस अप वॉज द लेबल्स. द व्होल्टेज वॉज प्रिंटेड राँगली.’

‘अँड हाफ द टीम वॉज ऑन लीव्ह.’

‘दॅट वॉज इन मे. बाय देन वुई’ड ऑलरेडी मूव्ह्ड द डेट.’

तिन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. मोटारी आठवडाभर उशिरा आल्या, हे खरं. निम्मे लोक रजेवर होते, हेही खरं. प्रश्न मात्र ‘उशीर का झाला’ असा आहे. पहिला पर्याय ‘अलाउड फॉर दॅट’ या तीन शब्दांनी बाद होतो: तेवढा उशीर त्यांनी आधीच हिशेबात धरला होता. ‘अलाउ’ म्हणजे परवानगी देणं एवढंच ज्याला ठाऊक आहे, त्याला इथे काहीच अर्थ लागत नाही आणि तो पहिला पर्याय ठोकून मोकळा होतो. तिसरा पर्याय ‘बाय देन’ ने बाद होतो: माणसं रजेवर गेली तेव्हा तारीख आधीच पुढे गेलेली होती, म्हणजे रजा हे कारण असूच शकत नाही. उरलं ते लेबलचं. आणि बघा, पर्यायात ‘वेष्टन’ आहे, संवादात ‘लेबल’. बरोबर उत्तराचे शब्द संवादात जसेच्या तसे सहसा येत नाहीत. चुकीच्या उत्तराचे मात्र बरेचदा येतात.

‘व्हॉट हेल्ड अस अप वॉज’ या वाक्यरचनेला सराईत कान लगेच टवकारतो. इंग्रजी बोलणारा माणूस दहा गोष्टी सांगून झाल्यावर महत्त्वाची गोष्ट पुढे आणायची असेल तर ‘व्हॉट… वॉज…’ अशी रचना करतो. तसंच ‘वेल’, ‘ॲक्च्युअली’, ‘इन द एंड’, ‘आय’ड स्टिल से’ हे शब्द आले की आधी बोललेलं बदलणार किंवा खोडलं जाणार असं समजावं. हे शब्द कठीण नाहीत. ते छोटे असतात, जोर न देता बोलले जातात, आणि म्हणून सुटतात.

याहून अवघड जागा म्हणजे आखूड झालेली क्रियापदं. ‘वुई’ड हॅव लाँच्ड इन मार्च’ हे वाक्य भरभर बोललं तर ‘वुई’ड हॅव’चा नुसता ‘वुइडव’ होतो, आणि आपल्या कानाला ‘वुई लाँच्ड इन मार्च’ एवढंच ऐकू येतं. पहिल्याचा अर्थ, मार्चमध्ये आणलं असतं, पण आणलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, आणलं. एका अर्धवट व्यंजनात घटना घडली की नाही हेच ठरतं. यावर एक उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका, ध्वनिफिती आणि त्यांचा लिखित मजकूर मोफत मिळतो. आधी परीक्षेसारखं दोनदा ऐकून उत्तरं द्या. मग लिखित मजकूर घ्या, आणि बरोबर उत्तर कुठे आहे हे शोधण्याऐवजी प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या शब्दांतून आला आणि कोणत्या शब्दांनी तो बाद झाला, हे अधोरेखित करा. बाद करणाऱ्या त्या शब्दांपाशी ध्वनिफीत थांबवून तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा ऐका आणि सोबत म्हणा. एका संवादावर तास जातो. पण रोज नवी ध्वनिफीत ऐकून गुण मोजत बसण्यापेक्षा हा तास जास्त फळतो.

ऑफिसच्या मीटिंगमध्येही हाच सराव करता येतो. वहीत तीन रकाने आखा: सुचवलं, नाकारलं, ठरलं. मीटिंगमध्ये लोक चुकतात ते पहिल्या रकान्यातली गोष्ट तिसऱ्या रकान्यात टाकून. कोणीतरी म्हणतं, आपण दुसरा कुरिअर घेऊ या, आणि बाकीचे ‘हं’ म्हणतात. तो होकार होता की फक्त ऐकून घेतल्याची खूण होती? मीटिंग संपल्यावर अध्यक्षाच्या अधिकृत इतिवृत्ताशी आपला तिसरा रकाना ताडून बघा. फरक दिसला तर बहुधा एखादं ‘वुड’ किंवा ‘माइट’ तुमच्या कानातून निसटलेलं असतं. परीक्षेपेक्षा खरी मीटिंग एका बाबतीत कठीण असते. तिथे दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. म्हणून तिथे ‘सो, आर वुई गोइंग विथ…?’ असं विचारायची सवय लावून घ्यावी. तोंडी परीक्षेत जोडीदाराशी बोलतानाही ती उपयोगी पडते.

तिसरं काम अहवालाचं. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात अनेकदा आलेख किंवा तक्ता देतात, आणि त्यावर बाणांनी हस्ताक्षरातल्या चार-पाच टिपा लिहिलेल्या असतात: कारण सांगा, हे का बदललं, पुढे काय करू या. सगळ्या टिपा वापरायच्या असतात. एक जरी सुटली तरी मजकुराच्या खान्यातले गुण कमी होतात.

कल्पना करा, आलेखात जानेवारी ते जून या सहा महिन्यांत उशिरा माल पोचल्याच्या तक्रारी दाखवल्या आहेत: 21, 22, 43, 41, 25, 18. खाली पॅकिंगच्या तक्रारींची जवळपास सरळ रेषा. मार्चच्या खांबावर टीप: का? नवीन कुरिअर. मेच्या खांबावर: आपण काय केलं ते सांगा. पॅकिंगच्या रेषेवर: बदल नाही. आणि कोपऱ्यात: पुढची सूचना.

कच्चा उमेदवार इथे आलेख वाचून दाखवतो. जानेवारीत 21 होत्या, फेब्रुवारीत 22 झाल्या, मार्चमध्ये 43 झाल्या, एप्रिलमध्ये 41. सहा वाक्यांत 70-80 शब्द खर्च होतात आणि वाचणाऱ्याला आलेखातून आधीच दिसत होतं त्यापेक्षा जास्त काहीच मिळत नाही. मग कारण आणि सूचना शेवटच्या दोन ओळींत कोंबल्या जातात. हे होतंय का ते ओळखायची खूण सोपी आहे: आपल्या मधल्या परिच्छेदात ‘बिकॉज’, ‘आफ्टर’, ‘व्हेन’ यांपैकी एकही शब्द नसेल, तर तो परिच्छेद म्हणजे आलेखाचं वाचन आहे, अहवाल नव्हे.

तोच मजकूर असा लिहिता येतो. सुरुवात: ‘दिस रिपोर्ट लुक्स ॲट कस्टमर कम्प्लेंट्स रिसीव्ह्ड बिट्वीन जानेवारी अँड जून अँड सजेस्ट्स व्हॉट वुई शुड डू नेक्स्ट.’ मग निष्कर्षांचा परिच्छेद:

‘कम्प्लेंट्स अबाउट लेट डिलिव्हरी रिमेन्ड स्टेडी इन जानेवारी अँड फेब्रुवारी, ॲट जस्ट ओव्हर 20 अ मंथ. इन मार्च, हाउएव्हर, द फिगर रोज शार्पली टू 43, बिकॉज वुई हॅड चेंज्ड अवर कुरिअर कंपनी अँड द न्यू ड्रायव्हर्स डिड नॉट नो अवर रूट्स. आफ्टर अ सेकंड व्हॅन वॉज ॲडेड इन मे, कम्प्लेंट्स फेल टू 25, अँड बाय जून दे वेअर ॲट देअर लोएस्ट लेव्हल, 18. कम्प्लेंट्स अबाउट पॅकेजिंग डिड नॉट चेंज ड्युरिंग दिस पीरियड.’

आणि शेवट: ‘इट इज क्लिअर दॅट द प्रॉब्लेम वॉज कॉज्ड बाय द चेंज ऑफ कुरिअर रादर दॅन बाय अवर ओन वेअरहाउस. आय रेकमेंड दॅट वुई कीप द सेकंड व्हॅन अंटिल डिसेंबर अँड आस्क द कुरिअर कंपनी टू ट्रेन इट्स ड्रायव्हर्स बिफोर एनी न्यू रूट इज स्टार्टेड.’

मथळा सोडून 134 शब्द. एप्रिलचा आकडा मुद्दाम गाळला आहे, कारण त्याने मार्चच्या गोष्टीत भर पडत नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी एकाच वाक्यात गुंडाळले आहेत. प्रत्येक चढ-उताराला कारण जोडलेलं आहे. ‘हॅड चेंज्ड’ मधला ‘हॅड’ बघा. तक्रारी वाढण्याआधी कुरिअर बदललेला होता, हे त्याने कळतं. श्रवणात जो निसटतो म्हणून आपण झगडलो, तोच हा काळ इथे लिहावा लागतो. कान तयार झाला की हातही तयार होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून श्रवण आणि लेखन यांची तयारी वेगवेगळ्या महिन्यांत करू नये.

आकड्यांबाबत एक सापळा वारंवार दिसतो. ‘रोज टू 43’ म्हणजे 43 वर गेल्या. ‘रोज बाय 21’ म्हणजे 21 ने वाढल्या. मराठीत ‘वर’ आणि ‘ने’ यांत आपण कधी चुकत नाही. इंग्रजीत घाईत ‘रोज बाय 43’ लिहून बसतो, आणि वाचणारा तक्रारी 65 झाल्या असं धरतो. अहवालात हा चुकीचा आकडा ठरतो, नुसती व्याकरणाची चूक राहत नाही. तसंच ‘रेकमेंड’ च्या पुढे ‘दॅट’ घालून वाक्य करावं, ‘आय रेकमेंड यू टू’ टाळावं. स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, दोन्ही चालतात, एकाच मजकुरात मिसळू नयेत एवढंच.

शब्दमर्यादेबद्दल लोक फार घाबरतात. 145 शब्द झाले म्हणून कोणी थेट गुण कापत नाही. पण लांबलेल्या मजकुरात बहुधा गैरलागू गोष्टी शिरलेल्या असतात आणि त्याचे गुण जातात. आखूड मजकुरात भाषेचा आवाका दाखवायला जागा उरत नाही. 45 मिनिटांपैकी ईमेलला 15 आणि अहवालाला 30 अशी वाटणी ठीक पडते. त्या 30 तली पहिली पाच मिनिटं काहीही न लिहिता टिपांवर क्रमांक टाकण्यात घालवावीत, आणि शेवटची तीन प्रत्येक टिपेला आपल्या मजकुरातलं वाक्य सापडतं का, हे बोटाने शोधण्यात. श्रवणाच्या कागदी परीक्षेत शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळी दहा मिनिटं मिळतात. त्यामुळे ऐकताना प्रश्नपत्रिकेवरच लिहावं, लक्ष संवादावरून हटू देऊ नये. परीक्षेची फी भरण्याआधी आपल्या केंद्रावर ही परीक्षा कोणत्या तारखेला आणि कागदावर होते की संगणकावर, हे विचारून घ्यावं, कारण सरावाचा शेवटचा आठवडा त्यावर ठरतो.

निकाल केंब्रिजच्या गुणपट्टीवर येतो. 160 ते 172 ला सी श्रेणी, 173 ते 179 ला बी, आणि 180 च्या पुढे ए. 140 ते 159 मध्ये असाल तर व्हँटेजचं नाही, पण बी-वन पातळीचं प्रमाणपत्र मिळतं. एकूण गुण चारही कौशल्यांची सरासरी असते, प्रत्येक पेपर स्वतंत्र पास व्हावा लागत नाही. निकालपत्रावर मात्र चारही कौशल्यांचे गुण वेगवेगळे छापलेले असतात, आणि माझ्या मते श्रेणीपेक्षा तेच आधी बघावेत. समजा, लेखनात 172 आणि श्रवणात 151 असे गुण आले, तर एकूण श्रेणी मिळाली तरी परदेशी ग्राहकाबरोबरच्या फोनवर तुम्ही अजून अडखळणार आहात. अशा वेळी पुढचे तीन महिने वरची हायर परीक्षा सुरू करण्याऐवजी व्हँटेजच्याच श्रवणाच्या तिसऱ्या भागाचे जुने संवाद घेऊन, बाद करणारे शब्द अधोरेखित करत बसावं.